मामांचा चेहरा की मामांचा किरीट? एका माणसाचे फोटो मॉडेलला शिकवताना

कुडाळला माझं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. वर्षभरात काउंटरवर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न असा: "आपले फोटो देऊन कॉम्प्युटरला आपला चेहरा शिकवता येतो म्हणतात. कसा?" ज्यांनी घरी करून पाहिलंय ते पुढचं विचारतात: "शिकवला, पण प्रत्येक चित्रात तोच शर्ट येतो, तीच भिंत येते. दुसरं काही सांगितलं तर ऐकतच नाही. असं का?"

हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. त्याचं उत्तर मला माझ्या मामांच्या फोटोंवर तीन वेळा काम केल्यावर मिळालं, म्हणून त्यांच्याच उदाहरणावरून सांगतो.

मामा दशावतारी कलाकार. चाळीसेक वर्षं राजपार्ट करतायत. त्यांच्या मंडळीच्या नव्या नाटकात राजाला शाप लागतो आणि तो रापणीवर मजुरी करणारा साधा माणूस होतो. पोस्टरवर एका बाजूला किरीट घातलेला राजा आणि दुसऱ्या बाजूला निळा रेनकोट घालून होडीत बसलेला तोच माणूस असं हवं होतं. भर पावसाळ्यात होडीत बसून फोटो काढून घेणं मामांच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. "माझो चेहरो वापर, माझी काय हरकत नाय," असं ते स्वतः म्हणाले, तेव्हा मी कामाला लागलो.

## मॉडेल शिकतं म्हणजे नेमकं काय करतं

चित्र काढणारी जी मॉडेल्स घरच्या संगणकावर चालतात, त्यांतलं एक जुनं आणि आटोपशीर म्हणजे 2022 सालचं स्टेबल डिफ्यूजन 1.5. मी तेच वापरलं, कारण माझ्या दुकानातल्या आठ जीबीच्या ग्राफिक्स कार्डावर ते बसतं.

त्याचं शिक्षण असं चालतं. एक फोटो घ्यायचा. पूर्वी अँटेना हलला की टीव्हीवर मुंग्या यायच्या, तशा मुंग्या त्या फोटोवर टाकायच्या, कधी थोड्या, कधी इतक्या की फोटो दिसेनासा व्हावा. मग मॉडेलला विचारायचं की यातल्या मुंग्या कोणत्या ते ओळख. ओळखायला मदत म्हणून फोटोत काय आहे ते सांगणारी एक ओळ सोबत द्यायची. ही ओळ म्हणजे कॅप्शन. मॉडेल जिथे चुकतं तिथे त्याचे आतले आकडे किंचित सरकवायचे आणि पुढचा फोटो घ्यायचा.

हे मूळ मॉडेल अगणित फोटोंवर आधीच शिकून आलेलं असतं. माणूस, मुकुट, होडी, माड हे सगळं त्याला येतं. फक्त आमचे मामा येत नाहीत. तेवढ्यासाठी अख्खं मॉडेल बदलायची गरज नसते. 2021 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी भाषेच्या मॉडेल्ससाठी लोरा नावाची पद्धत मांडली आणि पुढे चित्रांच्या मॉडेल्सनाही ती लागू पडली. छापील पुस्तकाला हात न लावता समासात पेन्सिलीने टिपा लिहाव्यात, तसं लोरा काम करतं. मूळ आकडे तसेच राहतात आणि शेजारी एक छोटी वेगळी फाइल तयार होते. समास किती रुंद ठेवायचा हे आपण ठरवतो, त्याला रँक म्हणतात. मॉडेलच्या आत 768 गुणिले 768 आकड्यांचा एक तक्ता असेल, तर त्यात 5,89,824 आकडे झाले. रँक 8 ठेवली तर त्या तक्त्यासाठी आपण फक्त 12,288 आकडे शिकवतो. समास जितका रुंद, तितकं जास्त लिहून ठेवता येतं, आणि नको ते लिहून ठेवायलाही तितकीच जागा मिळते. हे पुढे कामाला येणार आहे.

## घोकंपट्टी कशाला म्हणायचं

दशावतारात संवादांची संहिता नसते. कथा ठाऊक असते, बोलणं त्या त्या रात्री समोरच्याचं ऐकून उभं राहतं. समजा एखाद्या नवशिक्या पोराने एका रात्रीचे सगळे संवाद मोबाइलवर ऐकून जसेच्या तसे पाठ केले. दुसऱ्या गावच्या जत्रेत समोरचा ऋषी वेगळाच प्रश्न विचारतो आणि हा आदल्या रात्रीचंच उत्तर देतो. उत्तर अस्खलित असतं, पण त्या प्रश्नाचं नसतं.

मॉडेल असं वागू लागलं की त्याला ओव्हरफिटिंग म्हणतात. मी घोकंपट्टीच म्हणतो. मॉडेल माणूस शिकत नाही, त्याचा अल्बम पाठ करतं. मग तुम्ही होडी मागा नाहीतर डोंगर मागा, अल्बममधलंच एखादं पान थोडं फिरवून समोर येतं.

## पहिला प्रयत्न: कॅप्शनशिवाय

मामांचे 31 फोटो गोळा केले. त्यांतले 27 रंगमंचावरचे: तोंडाला रंग, डोक्यावर किरीट, अंगात लाल मखमली अंगरखा, आणि खाली ते एकच लाकडी बाकडं, जे दशावतारात सिंहासन असतं, रथ असतो आणि डोंगरही असतो. बाकीचे 4 घरचे. कॅप्शन म्हणून सगळ्यांना एकच ओळ दिली: मामांसाठीचा एक खुणेचा शब्द आणि पुढे माणूस. प्रत्येक फोटो मॉडेलला एकूण 200 वेळा दाखवला आणि रँक 128 ठेवली.

मग मागितलं निळ्या रेनकोटातल्या मामांना होडीत. आलं ते असं: बाकड्यावर बसलेले मामा, अंगात लाल मखमल, डोक्यावर किरीट, पाठीमागे ट्यूबलाइट. होडीचा पत्ता नाही. रेनकोटाचा निळा रंग तेवढा किरीटाच्या एका खड्यात उतरला होता. मामांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "रे झिला, ह्यो मियां नाय. ह्यो माझो किरीट."

एका वाक्यात त्यांनी दुखणं सांगितलं. मॉडेलच्या लेखी तो खुणेचा शब्द म्हणजे मामा अधिक किरीट अधिक मखमल अधिक बाकडं असं एकच गाठोडं झालं होतं. ज्या नातवाने आजोबांना फक्त रात्रीच्या नाटकातच पाहिलंय, त्याला कोणीही किरीटवाला आजोबाच वाटणार. चूक नातवाची नाही. आजोबा कुठे संपतात आणि किरीट कुठे सुरू होतो हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही.

## कॅप्शन हे काम कसं करतं

हे सांगण्याचं काम कॅप्शनचं. नियम ऐकायला उलटा वाटतो: जे बदलता यायला हवं ते लिहायचं, आणि जे त्या माणसाचंच आहे ते लिहायचं नाही.

असं का, ते मुंग्यांच्या खेळावरून समजतं. फोटोत किरीट आहे आणि कॅप्शनमध्येही मुकुट हा शब्द आहे. मुकुट कसा दिसतो हे मॉडेलला साधारण येतं, त्यामुळे त्या भागातली त्याची चूक आधीच लहान असते. तिथे नवं शिकण्यासारखं थोडंच उरतं, आणि जे उरतं ते बरंचसं मुकुट या शब्दाकडे जातं. पण किरीट फोटोत आहे आणि कॅप्शनमध्ये त्याचा उल्लेखच नाही, तर? ती चूक कुठेतरी जिरवावी लागते. ओळीत एकच शब्द असा आहे ज्याला अजून पक्का अर्थ नाही, तो म्हणजे मामांचा खुणेचा शब्द. मग किरीट त्यातच जाऊन बसतो.

आता मामांचं नाक, कपाळावरच्या आठ्या, उजव्या भुवईजवळचा तीळ हे सगळं त्या शब्दातच बसायला हवं आहे. म्हणून ते लिहायचं नाही. तीळ लिहिलात तर मॉडेल समजतं की तीळ ही सांगितल्यावर काढायची गोष्ट आहे, आणि पुढे न सांगता तो येईलच याची खात्री राहत नाही. मिशीचा मात्र विचार करावा लागला. मामांना मिशी नाही, रंगमंचावर ते काळ्या रंगाने काढतात. म्हणजे ती वेषभूषेचा भाग झाली, तेव्हा लिहायची. चष्मा ते कधी लावतात, कधी नाही, म्हणून तोही ज्या फोटोत असेल तिथे लिहायचा.

रंगमंचावरच्या एका फोटोचं आणि अंगणातल्या एका फोटोचं कॅप्शन मी असं लिहिलं, त्यातला ohwx हा मामांचा खुणेचा शब्द:

```
photo of ohwx man, golden crown, stage makeup, painted moustache,
red velvet costume, sitting on a wooden bench, temple hall, night

photo of ohwx man, white cotton shirt, eyeglasses,
standing in a courtyard, coconut trees behind, morning light
```

भाषा इंग्रजी आहे, कारण या मॉडेलचा शब्द समजणारा भाग मुख्यतः इंग्रजी ओळींवरच शिकलेला आहे. किरीट असं लिहिलं तर त्याला काहीच कळत नाही. ओळ आटोपशीर ठेवायची याचंही कारण आहे: तो भाग एका वेळी 77 तुकडेच वाचतो, त्यातले दोन सुरुवात आणि शेवट दाखवण्यात जातात. मोठ्या शब्दाचे दोन-तीन तुकडेही होतात.

खुणेच्या शब्दाबद्दलही थोडं सांगायला हवं. तो मॉडेलला अनोळखी असावा. mama लिहायचा मोह मला झाला होता, पण इंग्रजीत त्याचा अर्थ आई, आणि तो अर्थ मॉडेल आधीच शिकून बसलंय. इंटरनेटवरच्या जुन्या उदाहरणांत sks हा शब्द फार दिसतो. ते एका रायफलचं नाव आहे आणि चित्रांत बंदुका डोकावू शकतात. कोणताही शब्द घेण्याआधी, काही शिकवण्यापूर्वीच, मूळ मॉडेलकडून त्या शब्दावर चार चित्रं काढून घ्यावीत. दर वेळी काहीतरी वेगळं, अर्थहीन आलं तर शब्द चांगला.

## कॅप्शन आपोआप लिहिणारी साधनं आहेत, मग हाताने का लिहायचं?

साधनं आहेत आणि पाचशे फोटो असतील तर त्यांच्याशिवाय चालणार नाही. पण तीसेक फोटोंसाठी त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नये. मी वापरलेल्या साधनाने किरीटाला एका फोटोत मुकुट म्हटलं, दुसऱ्यात टोपी आणि तिसऱ्यात पगडी. एकाच वस्तूला तीन नावं पडली की ती वस्तू कोणत्याच नावाशी घट्ट जोडली जात नाही. थोडी थोडी तिन्हीकडे जाते आणि उरलेली पुन्हा मामांच्या शब्दात. सभामंडपाला तर त्याने लग्नाचा हॉल ठरवलं. आपली वस्तू, आपला पोशाख या साधनांना नीट ओळखता येत नाही, त्यामुळे कोकणातल्या फोटोंना ही अडचण जास्तच येते. मी त्यांचा कच्चा मजकूर घेतो आणि प्रत्येक ओळ फोटो समोर ठेवून दुरुस्त करतो. 31 फोटोंना दीड तास लागला. प्रत्येक वस्तूला एकच नाव ठरवून कागदावर लिहून ठेवलं की काम भराभर होतं.

एक तांत्रिक खड्डाही दाखवून ठेवतो. शिकवण्यासाठी बरेच जण `sd-scripts` नावाचं साधन वापरतात. त्यात फोटो आणि त्याचं कॅप्शन एकाच नावाने शेजारी ठेवायचं असतं, आणि फोल्डरच्या नावातला आकडा एका फेरीत तो फोटो किती वेळा दाखवायचा ते सांगतो:

```
10_ohwx man/
    jatra01.jpg
    jatra01.txt
    angan03.jpg
    angan03.txt
```

कॅप्शन .txt फाइलमध्ये असेल तर आज्ञेत `--caption_extension=".txt"` हे लिहावं लागतं. ते राहून गेलं तर तुमच्या ओळी वाचल्याच जात नाहीत आणि फोल्डरचं नावच सगळ्यांचं कॅप्शन म्हणून वापरलं जाऊ शकतं. तक्रारही फारशी ऐकू येत नाही, काम सुरळीत चालल्यासारखं दिसतं. म्हणून सुरुवातीला पडद्यावर येणारा मजकूर वाचायचा आणि कॅप्शन सापडली आहेत ना, ते बघायचं.

## दुसरा प्रयत्न: तेच फोटो, फक्त कॅप्शन नवी

बाकी काहीच बदललं नाही. तेच 31 फोटो, तीच रँक, तितक्याच फेऱ्या. एका वेळी एकच गोष्ट बदलली तरच कशाने काय झालं ते कळतं, आणि मला कॅप्शनचा गुण स्वतंत्रपणे बघायचा होता.

गुण आला. किरीट मागितला नाही तर पाचातल्या तीन चित्रांत आला नाही. रेनकोट निळा झाला. पण मामा होडीत बसायचे ते बाकड्यावर बसल्यासारखे, हात मांडीवर, छाती पुढे. होडीतली फळीसुद्धा बाकड्याच्या जाडीची आणि त्याच रंगाची. चेहऱ्यावर रंगाची गुलाबी झाक राहिलीच.

कॅप्शनची मर्यादा इथे दिसते. 31 पैकी 27 फोटोंत रंगवलेला चेहरा असेल, तर रंगाखालची कातडी कशी आहे हे मॉडेलने कुठे बघायचं? चार फोटोंत. नुसतं शब्दाने सांगून जे दाखवलेलंच नाही ते येत नाही. जी गोष्ट जवळपास प्रत्येक फोटोत आहे, ती तुम्ही लिहा वा लिहू नका, थोडीफार चिकटतेच. कॅप्शनने वेगळं होतं ते तेच, जे फोटोंमध्ये कधी आहे, कधी नाही.

## मग फोटो कसे हवेत

मी मामांकडे गेलो आणि दोन दिवस राहून 14 नवे फोटो काढले. सकाळी अंगणात, दुपारी पडवीत, संध्याकाळी बंदरावर. प्रत्येक वेळी वेगळा शर्ट, एकदा उघड्या अंगाने पंचा गुंडाळून, एकदा स्वेटर घालून. हसताना, बोलताना, गप्प. काही तोंडाचे जवळून, काही कमरेपर्यंत, दोन पूर्ण उभे. मोबाइल तोंडाजवळ नेला की नाक फुगतं आणि कान मागे जातात, म्हणून मागे सरकून झूम केला. एका जागी पटापट काढलेल्या दहा फोटोंचा उपयोग एकाइतकाच असतो, उलट ती एकच मुद्रा दहा वेळा पाठ होते, त्यामुळे प्रत्येक जागेचा एकच ठेवला.

रंगमंचावरच्या 27 मधून 10 निवडले, वेगवेगळ्या भूमिकांचे आणि वेगवेगळ्या मंडपांतले. त्यातले 7 छातीपासून वर कापले, म्हणजे बाकडं फोटोतच राहिलं नाही. बाकड्याविषयी कॅप्शनमध्ये लिहिण्यापेक्षा कात्री हा सरळ उपाय. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले फोटो मंडळीकडून पुन्हा मागवले, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगून. एरवी ते दाबले जातात आणि त्यातले चौकोनी डागही मॉडेल इमानाने शिकतं. घरच्या जुन्या चारातले दोन ठेवले. एकूण 26.

फोटो उलटे करून, म्हणजे आरशातल्यासारखे, संख्या दुप्पट करायची सोय या साधनांत असते. माणसाच्या चेहऱ्यासाठी ती मी बंद ठेवतो. मामांचा तीळ उजवीकडे आहे. उलटवलेल्या फोटोत तो डावीकडे जातो आणि मॉडेल कधी दोन्हीकडे तीळ काढतं. नऊवारीतल्या बाईचा फोटो उलटवला तर डाव्या नाकपुडीतली नथ उजवीकडे जाईल, आणि ती चूक आपल्याकडची कोणतीही आजी पहिल्या नजरेत पकडेल.

## किती वेळा शिकवायचं?

तिसऱ्या प्रयत्नात 26 फोटो, एका फेरीत प्रत्येक 10 वेळा, एकावेळी दोन फोटो एकत्र. म्हणजे एका फेरीच्या 130 पायऱ्या. अशा 10 फेऱ्या, एकूण 1,300 पायऱ्या. रँक 16 वर आणली, शिकण्याचा वेग 0.0001. प्रत्येक फेरीनंतर फाइल जतन करायला सांगितली, म्हणजे शेवटी हातात दहा फाइली.

बरेच जण इथे एकच आकडा बघत बसतात. शिकवताना पडद्यावर मॉडेलची चूक मोजणारा लॉस नावाचा आकडा हलत असतो, तो उतरला की बरं चाललंय असं वाटतं. या कामात तो फसवा आहे. प्रत्येक वेळी मुंग्या कमी-जास्त टाकल्या जातात. थोड्या मुंग्यांतलं कोडं आणि पुष्कळ मुंग्यांतलं कोडं सारखं अवघड नसतं, म्हणून आकडा वरखाली उडतच राहतो. शिवाय घोकंपट्टी वाढली तरी तो उतरतो, कारण परीक्षा पाठ केलेल्या फोटोंवरच चालली आहे. पहिल्या प्रयत्नात, जेव्हा सगळंच बिघडलं होतं, तेव्हा माझा आकडा सगळ्यात खाली होता.

परीक्षा चित्रं काढूनच घ्यायची. मी चार मागण्या ठरवल्या: रंगमंचावरचा राजा, पांढऱ्या शर्टातले मामा जवळून, निळ्या रेनकोटात होडीतले मामा, आणि चौथीत मामांचा शब्दच नाही, नुसता एक माणूस. प्रत्येक मागणीसाठी सुरुवातीच्या मुंग्या ठरवणारा सीड क्रमांक कायम ठेवला आणि दहाही फाइलींवर ही चार चित्रं काढून एका मोठ्या कागदावर शेजारी छापली. फ्लेक्सचं दुकान असल्याचा एवढा फायदा.

दुसऱ्या फेरीत मामांचा चुलतभाऊ वाटावा असा माणूस आला. चौथ्या फेरीत डोळे जुळले. सहाव्या फेरीत पांढऱ्या शर्टातला चेहरा मामांचाच, रेनकोट नीट निळा, होडी होडीसारखी. आठव्या फेरीत चेहरा आणखी हुबेहूब झाला, पण राजाच्या चित्रात त्याच मंडपाचे तेच खांब आले आणि रेनकोटाला मखमलीची चमक चढली. दहाव्या फेरीत कातडी जास्त शिजवल्यासारखी, रंग भडक, कडा टोकदार. सहावी फाइल घेतली. म्हणजे प्रत्येक फोटो साठ वेळा दाखवून झाल्यावर थांबलो. पहिल्या प्रयत्नात तोच आकडा 200 होता. साठ हा तुमच्यासाठी नियम नाही, फोटो आणि मॉडेल बदललं की तो बदलतो. दहा फाइली शेजारी ठेवून बघण्याची रीत मात्र सगळीकडे चालते.

चेहरा किती जुळतो एवढंच बघितलं असतं तर मी आठवी घेतली असती. ऐकणं कधी सुटतं हे तिसऱ्या मागणीने दाखवलं.

## तो चौथा माणूस कशासाठी?

नुसता माणूस मागितला आणि मामाच आले, तर समजायचं की शिकवणी खुणेच्या शब्दाबाहेर सांडली आहे. सगळीच माणसं मामांसारखी होऊ लागतात. होडीत मामांसोबत दोन खलाशी मागितले की तीन मामा बसलेले दिसतात. 2022 मध्ये गूगल आणि बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी ड्रीमबूथ ही पद्धत मांडली, तेव्हा यावर उपायही दिला होता: मूळ मॉडेलकडूनच साध्या माणसांची चित्रं काढून घ्यायची आणि शिकवताना ती मधूनमधून दाखवत राहायचं, म्हणजे माणूस या शब्दाचा जुना अर्थ पुसला जात नाही. मी अशी 200 चित्रं वापरून पाहिली. वेळ दुप्पट लागला आणि सांडणं कमी झालं. आमच्या पोस्टरवर दुसरा माणूसच नव्हता, त्यामुळे शेवटी ती न वापरता काढलेली फाइलच चालली. चित्रात अनेक माणसं हवी असतील तर मात्र हा वेळ द्यावा.

## "मी तर कॅप्शन लिहिली नाहीत, तरी छान आलं"

असं सांगणारे भेटतात आणि ते खोटं बोलत नाहीत. फोटो वीस ठिकाणचे, वीस कपड्यांतले असतील, तर प्रत्येक फोटोत सारखी असलेली एकच गोष्ट उरते, ती म्हणजे चेहरा. मग खुणेचा शब्द आपोआप चेहऱ्यालाच चिकटतो. कॅप्शनची खरी गरज फोटोंमध्ये एखादी गोष्ट फार वेळा येत असते तेव्हा लागते: कलाकाराचा किरीट, डॉक्टरांचा पांढरा कोट, शाळेच्या फोटोतला गणवेश.

"शिकवून झाल्यावर लोराची ताकद कमी केली तर?" हाही प्रश्न येतो. ताकद 1 ऐवजी 0.7 ठेवली की घोकलेलं थोडं मागे पडतं आणि मॉडेल ऐकू लागतं. पण त्याबरोबर चेहराही पुसट होतो. पहिल्या प्रयत्नाच्या फाइलीवर मी हे केलं. किरीट जाईपर्यंत ताकद उतरवली, तेव्हा मामाही गेले होते. बऱ्या फाइलीला थोडं सैल करायला हा उपाय ठीक आहे.

## काय अजून येत नाही

मामांचा बाजूने चेहरा नीट येत नाही. नाक सरळ होतं, हनुवटी दुसऱ्याच कोणाची. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही: 26 फोटोंत एकही पूर्ण बाजूने काढलेला नाही. कॅप्शन कितीही नेटकं लिहिलं तरी ते तिथे उपयोगाचं नाही. पोस्टरसाठी आम्ही समोरचंच चित्र घेतलं.

फाइल मी दुकानाच्या संगणकावरून काढून पेनड्राइव्हवर मामांना दिली. तो त्यांचा चेहरा आहे, आणि ती फाइल ज्याच्या हाती जाईल त्याला त्या चेहऱ्याला काहीही घालता येतं. मामांनी पेनड्राइव्ह पेटाऱ्यात ठेवला, किरीटाच्या कप्प्यात. छापलेला फ्लेक्स पडवीत उभा करून ते खुर्ची ओढून समोर बसले आणि होडीतल्या माणसाच्या उजव्या भुवईवर बोट ठेवून म्हणाले, "तीळ इलो हा." मग कार्तिकानंतरच्या पहिल्या जत्रेला ये, रंग लावायच्या आधी बाजूने फोटो काढ, असं सांगितलं. रंगायला बसतात तेव्हा बल्ब डाव्या हाताला असतो, त्यामुळे मला उजवीकडून वेगळा उजेड न्यावा लागेल.